हरवलेल्या डीडीसाठी तीन महिने थांबायला सांगू नका: बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय शाखाधिकारी महोदय/महोदया,

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीतली बरीच वर्षे ड्राफ्ट आणि पे-ऑर्डरच्या टेबलावर गेली. आता ओळखीपाळखीच्या लोकांना बँकेचे अर्ज लिहून देतो आणि त्या निमित्ताने काउंटरच्या अलीकडच्या बाजूने तुमच्या शाखा बघतो. यूपीआयच्या जमान्यात डीडी कोण काढतो, असे तुम्हाला वाटत असेल. पण काही कॉलेजांची फी, निविदांची बयाणा रक्कम, कोर्टात भरायचे पैसे, विद्यापीठाचे कागद अशा कामांसाठी अजून डीडीच मागतात. डीडी रोज निघत नसल्यामुळे तो हरवला की काय करायचे, हे नव्या मुलांना माहीत नसते. जुने लोक रिटायर झाले. मग काउंटरवर जे सुचेल ते उत्तर दिले जाते.

ते उत्तर बहुतेक वेळा असे असते: "तीन महिने थांबा, डीडीची मुदत संपू द्या, मग बघू." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

अलीकडचेच एक प्रकरण सांगतो. बँकेचे आणि कॉलेजचे नाव घेत नाही. आमच्या शेजारच्या एका ताईंनी मुलीच्या फीसाठी 42,000 रुपयांचा डीडी काढला. पैसे त्यांच्या बचत खात्यातून वळते झाले. डीडीवर तारीख 3 जून. दुसऱ्या दिवशी तो स्पीड पोस्टाने परगावच्या कॉलेजला पाठवला. आठवडा गेला तरी पाकीट पोहोचले नाही. ट्रॅकिंगमध्ये ते एका सॉर्टिंग केंद्रात आल्याचे दिसत होते आणि पुढे काहीच नाही. ताई 12 जूनला शाखेत गेल्या. तिथे त्यांना एफआयआर, कॉलेजचे पत्र, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, दोन जामीनदार आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना एवढे सांगण्यात आले. आणि शेवटी, हे सगळे आणलेत तरी डीडीचे तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय डुप्लिकेट निघणार नाही, हेही. सप्टेंबरपर्यंत कॉलेज फीसाठी थांबणार होते थोडेच? ताईंनी नातेवाइकांकडून उसने घेऊन दुसरा डीडी काढला. पहिले 42,000 बँकेत अडकून राहिले.

आता या मागण्या एकेक करून बघू.

आधी मुदतीचे. 1 एप्रिल 2012 पासून चेक आणि डीडी तारखेपासून तीन महिन्यांपर्यंतच वटतात. त्याआधी ही मुदत सहा महिने होती. पण मुदत संपली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. पैसे तुमच्याकडेच ड्राफ्ट पेएबलच्या खात्यात पडून असतात. ज्याच्या नावे डीडी आहे त्याचा त्यावरचा हक्क तसाच राहतो. तीन महिने संपल्यावर जुना कागद क्लिअरिंगमध्ये आला तर परत जाईल, एवढाच त्या प्रतीक्षेचा फायदा. त्यासाठी ग्राहकाला अडकवून ठेवावे, असे कोणत्याही नियमात नाही. उलट रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिले आहे की डुप्लिकेट डीडी अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत द्यायचा. उशीर झाला तर तेवढ्या काळाच्या मुदत ठेवीच्या दराने व्याज द्यायचे. अर्ज डीडी काढणाऱ्याचा असो की ज्याच्या नावे काढला त्याचा, दोघांनाही हे लागू आहे. डीडी मागे सही करून तिसऱ्याच माणसाला दिलेला असेल तर मात्र पंधरा दिवसांचे बंधन नाही.

ताईंचे काय झाले ते पुरे करतो. कागदपत्रे त्यांनी 12 जूनलाच दिली. सगळी नाही, पण जी मला आवश्यक वाटली ती. पंधरा दिवस धरले तर 26 जूनपर्यंत डीडी मिळायला हवा होता. लेखी तक्रार वर गेल्यावर पैसे मिळाले 4 ऑगस्टला. म्हणजे 39 दिवसांचा उशीर. तेवढ्या लहान मुदतीच्या ठेवीला समजा 4 टक्के व्याज असेल, तर 42,000 वर 39 दिवसांचे होतात सुमारे 180 रुपये. रक्कम फुटकळ आहे, मान्य. पण ती न मागता खात्यात जमा व्हायला हवी होती, आणि झाली नाही. व्याजाचा हा नियम शाखेत कुणालाच माहीत नव्हता, यात मला अजिबात आश्चर्य वाटले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डीडी वटला की नाही हे कळण्याची. आमच्या काळात उशीर का व्हायचा, ते सांगतो. डीडी निघायचा एका गावात आणि वटायचा दुसऱ्या गावातल्या शाखेत. तो वटला नाही, हे त्या शाखेकडून पत्राने कळेपर्यंत डुप्लिकेट देणे धोक्याचे असे. त्या पत्राला नॉन-पेमेंट अ‍ॅडव्हाइस म्हणायचो. ते येईपर्यंत महिना जायचा. आज तुमच्या टेबलावरच्या कोअर बँकिंगच्या स्क्रीनवर डीडीचा नंबर टाकला की तो न वटलेला आहे की वटला, हे लगेच दिसते. त्याच स्क्रीनवर त्याला "हरवला" अशी खूण लावता येते, म्हणजे तुमच्या बँकेच्या कोणत्याही शाखेत किंवा क्लिअरिंगमध्ये तो आला तर अडतो. मग महिनाभर वाट कसली बघायची? 5,000 रुपयांपर्यंतच्या डीडीबद्दल तर रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की पुरेसे हमीपत्र घ्या आणि नॉन-पेमेंट अ‍ॅडव्हाइसचा आग्रह न धरता काढणाऱ्याला डुप्लिकेट द्या.

म्हणून ग्राहक आल्यावर पहिले काम कागदांची यादी वाचून दाखवण्याचे नाही. आधी नंबर टाकून डीडी वटला का ते बघा आणि न वटलेला असेल तर लगेच खूण लावा. ज्या दिवशी ग्राहक तोंडी सांगायला आला त्याच दिवशी. कागद नंतर येत राहतील. वटलेला असेल तर प्रकरण वेगळेच आहे. मग डुप्लिकेटचा प्रश्नच उरत नाही, कोणत्या खात्यात जमा झाला ते शोधायचे.

इथे ग्राहकांसाठीही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. "माझ्या डीडीचे पेमेंट थांबवा" असे चेकसारखे सांगता येत नाही. चेक हा ग्राहकाने बँकेला दिलेला हुकूम असतो, तो मागे घेता येतो. डीडीत बँकच पैसे देण्याची कबुली देते. एकदा तो ज्याच्या नावे आहे त्याच्या हाती पडला की काढणाऱ्याला तो रोखता येत नाही. कंत्राटदाराशी भांडण झाले म्हणून त्याला दिलेला डीडी बँक थांबवणार नाही, आणि थांबवूही नये. पण हरवल्याची सूचना बँकेने घ्यायलाच हवी, कारण हरवलेला कागद भलत्याच्या हाती गेलेला असू शकतो. हा फरक काउंटरवर समजावून सांगितला तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

या फरकावरूनच ठरते की कुणाकडून काय मागायचे. डीडी ग्राहकाच्या हातात असेल, हरवला असून कॉलेजपर्यंत पोहोचलाच नसेल, किंवा कॉलेजला मिळून तिथे हरवला असेल, ही तीन वेगळी प्रकरणे आहेत आणि तिघांना एकच गठ्ठा लावायचा नसतो.

डीडी हातात आहे आणि नको आहे, हे सर्वांत सोपे. काढणाऱ्याचा अर्ज, मूळ डीडी आणि ओळखपत्र एवढे घ्या, चार्ज कापा आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात जमा करा. अर्ज एकाच्या नावाचा आणि खाते दुसऱ्याचे, असे चालणार नाही हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. रोखीने काढला असेल तर काढताना मिळालेली पावती मागायची. ही पावती लोक टाकून देतात. पण 15 सप्टेंबर 2018 पासून डीडीवर काढणाऱ्याचे नाव छापले जाते, त्यामुळे पावती नसली तरी ओळख पटवायला फारसे अडत नाही. 50,000 आणि त्यावरचा डीडी तर रोखीने निघतच नाही, त्यामुळे मोठ्या रकमेत हा प्रश्न येत नाही. चार्ज किती, हे प्रत्येक बँकेचे वेगळे असते आणि त्यावर जीएसटी लागतो. तो तक्त्यावर लिहिलेला असतो. निदान तो दाखवा तरी.

हाच डीडी मुदत संपलेला असेल तर ग्राहकाला दोन वाटा आहेत. रद्द करून पैसे परत घ्यायचे किंवा त्याची मुदत वाढवून घ्यायची. मुदत वाढवणे म्हणजे रिव्हॅलिडेशन, ते डीडी काढणाऱ्या शाखेतून होते. आता चेकवर खाडाखोड चालत नाही म्हणून बऱ्याच शाखा रिव्हॅलिडेशनलाच नकार देतात. पण सीटीएसच्या, म्हणजे चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याच्या पद्धतीच्या, नियमात तारखेची मुदत वाढवणे हा अपवाद म्हणून ठेवलेला आहे. तरीही माझे मत विचाराल तर जुना कागद चालू ठेवण्यापेक्षा तो रद्द करून नवा काढणे चांगले. समोरच्या बँकेतला क्लार्क खाडाखोड दिसली म्हणून परत पाठवतो आणि ग्राहकाचे आणखी पंधरा दिवस जातात.

बयाणा रकमेच्या डीडीत एक खास अडचण येते, तीही सांगतो. एका कंत्राटदाराचा 30,000 चा डीडी सरकारी कार्यालयाने चार महिन्यांनी परत दिला. मधल्या काळात तिथल्या बाबूने डीडीच्या तोंडावर आपल्या बँकेचा क्रॉसिंगचा शिक्का मारून ठेवला होता आणि जमा मात्र केला नव्हता. मुदत संपली. आता शाखेत रद्द करायला नेला तर, "यावर दुसऱ्या बँकेचा शिक्का आहे, म्हणजे तो क्लिअरिंगला गेला होता" असे म्हणून परत लावला. शाखेचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण उपाय सोपा होता. डीडीच्या मागे त्या कार्यालयाने "आमचा शिक्का रद्द, वापरलेला नाही, काढणाऱ्यास रद्द करून रक्कम देण्यास हरकत नाही" असे लिहून, अधिकाऱ्याची सही आणि कार्यालयाचा शिक्का मारायचा. हे काउंटरवरून पहिल्याच दिवशी सांगितले असते तर त्या माणसाला दोनदा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या. कंत्राटदारांनीही परत घेताना डीडी उलटसुलट करून बघावा. शिक्का दिसला तर तिथेच बाजूला उभे राहून हे लिहून घ्यावे.

आता दुसरे प्रकरण, म्हणजे ताईंचे. डीडी पोस्टात हरवला, कॉलेजला मिळाला नाही. इथे कॉलेजचे पत्र हवेच, आणि ते मागणे योग्य आहे. "अमुक नंबरचा, अमुक तारखेचा, इतक्या रकमेचा डीडी आम्हाला मिळालेला नाही आणि पुढे मिळाल्यास आम्ही तो न वटवता परत करू", अशा दोन ओळी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे कॉलेजला मिळून त्यांच्याकडे हरवला, तर अर्ज कॉलेजनेच करायला हवा. डुप्लिकेट त्यांच्या नावाचा निघेल. काढणाऱ्याने फक्त दुजोरा द्यायचा. त्या वेळी काढणाऱ्याला पैसे परत देणे धोक्याचे, कारण हक्क कॉलेजकडे गेलेला असतो.

मग उरतात हमीपत्र, पोलीस दाखला, जामीनदार आणि जाहीर सूचना. हमीपत्र हवे, यात वाद नाही. उद्या मूळ डीडी सापडून वटला तर बँकेचे नुकसान कोण भरणार? महाराष्ट्रात 100 आणि 200 रुपयांचे मुद्रांक आता चालत नाहीत, 500 चा घ्यावा लागतो, त्यामुळे ग्राहकाला भुर्दंड बसतोच. निदान मसुदा छापील तयार ठेवा. नाही तर ग्राहक वकिलाकडे जातो, वकील त्याच्या पद्धतीने लिहितो आणि तुम्ही "आमच्या नमुन्यात हवे" म्हणून नवा मुद्रांक आणायला लावता. 500 रुपये पुन्हा. पोलीस दाखला म्हणजे एफआयआर नव्हे. पोस्टात पाकीट हरवले म्हणून कोणतेही पोलीस ठाणे चोरीचा गुन्हा नोंदवणार नाही. गहाळ वस्तूची नोंद मिळते, काही शहरांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही करता येते. काउंटरवर एफआयआर म्हटले की ग्राहक ठाण्यात जाऊन हाकलून घेतो आणि परत येतो.

जामीनदार आणि वर्तमानपत्रातली सूचना यांबद्दल मला तक्रार आहे. 20,000 आणि त्यावरचे डीडी बँका अकाउंट पेयी क्रॉसिंग करूनच देतात, तसा नियमच आहे. असा डीडी कुणाला सापडला तरी त्याला तो ज्याच्या नावे आहे त्याच्याच खात्यात भरता येतो. एका नावाजलेल्या शासकीय कॉलेजच्या नावाचा डीडी पोस्टमनच्या हातून पडला आणि चोराने उचलला, तरी त्याने करायचे काय? त्या नावाने खोटे खाते काढणे सोपे नाही. इथे दोन जामीनदार आणि जाहिरात मागून धोका कमी होत नाही, फक्त ग्राहक दमतो. व्यक्तीच्या नावाचा डीडी असेल, रक्कम मोठी असेल, तर मागा. पण रकमेचा आणि ज्याच्या नावे आहे त्याचा विचार न करता एकच यादी सगळ्यांना दिली जाते, ती थांबवा.

डुप्लिकेट दिल्यावर मूळ डीडी सापडला तर तो तुमच्याकडे आणून देण्याची अट हमीपत्रात असतेच. ग्राहकाला ती तोंडी एकदा सांगा. ताईंचे पाकीट सप्टेंबरात फाटक्या अवस्थेत परत आले. त्यांनी मला विचारले की आता हा दुसरा डीडी म्हणून वापरता येईल का! त्यांना ते खरेच माहीत नव्हते.

फार जुने डीडी घेऊन येणाऱ्यांना "आता काही होणार नाही" म्हणून घालवू नका. दहा वर्षे न वटलेल्या डीडीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, पण हक्क संपत नाही. दाव्याची शहानिशा करून बँकेने ती रक्कम ग्राहकाला द्यायची आणि नंतर निधीकडून घ्यायची. वडिलांच्या कपाटात सापडलेला डीडी असेल तर मृत खातेदाराच्या पैशांना जे कागद लागतात तेच बहुधा लागतील.

शेवटची मागणी लहान आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत कामाची. अर्ज घेतला की दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून ती परत द्या आणि लागणारे सगळे कागद त्याच वेळी लेखी सांगा. आज एक, आठ दिवसांनी दुसरा असे सांगितले की पंधरा दिवसांची मुदत कधी सुरू झाली हेच ठरत नाही. शिक्का मारलेली ती प्रत ग्राहकाकडे असेल तर शाखेनंतर बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते. माहितीसाठी 14448 हा दूरध्वनीही आहे. ग्राहकांनी अर्जात डीडी नंबर, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे, कोणत्या शाखेतून आणि कोणत्या खात्यातून काढला, कधी आणि कसा पाठवला हे सगळे लिहावे, आणि "डीडी हरवल्याची नोंद आजच सिस्टममध्ये घ्यावी" ही ओळ सर्वांत वर लिहावी.

कळावे,
एक निवृत्त बँक अधिकारी